आयसीयूतला पंप आणि उशाशी ठेवलेली गोळी

पत्र

माझे वडील ७१ वर्षांचे, वजन ६० किलो. गेल्या महिन्यात न्यूमोनियामुळे आयसीयूत होते, त्यातले सहा दिवस व्हेंटिलेटरवर. सुरुवातीला पंपातून दुधासारखं पांढरं औषध चालू होतं. चौथ्या दिवशी ते कमी करत नेलं आणि दुसऱ्या पंपात पाण्यासारखं औषध लावलं. दोन्ही झोपेचीच औषधं आहेत, असं सांगितलं. बाबा घरी बरीच वर्षं रात्री क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेतात. दाखल करताना बीपी आणि शुगरच्या गोळ्या सांगितल्या, ही सांगायची राहिली. पाचव्या दिवशी ते फार बिथरले, हात बांधावे लागले. आता घरी आलेत, पण रात्र रात्र जागे असतात. मला विचारायचंय की एवढी महागडी औषधं लावण्याऐवजी नाकातल्या नळीतून त्यांची नेहमीची गोळी दिली असती तर भागलं नसतं का? या औषधांची सवय तर लागली नसेल ना? आणि बाबा म्हणतात, ‘त्या दुसऱ्या औषधावर मला छान शांत वाटत होतं, तेच आणून द्या.’ ते घरी मिळतं का?

— एक लेक, कराड

उत्तर

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तातडीचा आहे. ते औषध घरी मिळणार नाही, आणि कोणी ओळखीतून मिळवून देतो म्हणालं तरी घेऊ नका. का, ते कळायला त्या दोन पंपांत काय होतं हे पाहावं लागेल.

पांढरं होतं ते प्रोपोफॉल. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते सोयाबीनच्या तेलात विरघळवून, अंड्यातल्या लेसिथिनच्या आधाराने पाण्यात एकजीव करतात. दुधी रंग त्या तेलाचा. ऑपरेशनच्या वेळी भूल देताना आम्ही हेच वापरतो. शिरेतून दिलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस बेशुद्ध होतो. पण एकच डोस दिला तर पाच-दहा मिनिटांत तो पुन्हा डोळे उघडतो, कारण औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतं. शरीराबाहेर ते अजून गेलेलं नसतं, फक्त मेंदूतून हललेलं असतं. म्हणूनच ते सतत, थेंबाथेंबाने, पंपावर द्यावं लागतं.

तुमच्या वडिलांच्या वजनाचं गणित मांडते, म्हणजे पंपावरचे आकडे काय सांगतात ते कळेल. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बऱ्याचदा ताशी, किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या आसपास प्रोपोफॉल लागतं. ६० किलोला ते होतं ताशी ९० मिलिग्रॅम. औषध १ टक्क्याचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणून पंपावर ‘९’ हा आकडा दिसतो: ताशी ९ मिलिलिटर. दिवसभरात हे २१६ मिलिलिटर झालं. त्यातलं तेल धरलं तर दर मिलिलिटरला १.१ कॅलरी मिळते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे २४० कॅलरी नुसत्या झोपेच्या औषधातून पोटात न जाता थेट रक्तात जातात. आयसीयूतले आहारतज्ज्ञ नळीतून द्यायच्या अन्नाचा हिशेब करताना त्या वजा करतात. अधूनमधून रक्तातलं ट्रायग्लिसराइड तपासतात तेही याच तेलामुळे. आणि तेलाच्या या मिश्रणात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून बाटली आणि तिची नळी दर १२ तासांनी बदलतात, औषध उरलेलं असलं तरी. ‘अर्धी बाटली फेकून दिली’ म्हणून काही नातेवाईक सिस्टरवर चिडतात. ती न फेकणाऱ्या सिस्टरवर चिडावं खरं तर.

आता मुख्य फरक. प्रोपोफॉल श्वास मंदावतं, आणि डोस वाढला तर थांबवतं. रक्तदाबही खाली आणतं. बाबांच्या श्वासनलिकेत ट्यूब होती आणि श्वासाचं काम मशीनकडे होतं, म्हणून श्वास मंदावणं तिथे सोसण्यासारखं होतं. रक्तदाब उतरला तर तो सावरायला नॉरॲड्रेनालिनचा पंप शेजारी लावता येतो. न्यूमोनियात आधीच रक्तदाब ढासळलेला असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत हे दोन्ही पंप शेजारी शेजारी चालताना अनेकांनी पाहिले असतील. थोडक्यात, प्रोपोफॉल सुरक्षित ठरतं ते भोवतालच्या बंदोबस्तामुळे.

घरची क्लोनाझेपाम मेंदूतल्या त्याच कुलपावर काम करते, ज्याला गाबा रिसेप्टर म्हणतात, पण वेगळ्या तऱ्हेने. मेंदू स्वतः गाबा नावाचं शांत करणारं रसायन सोडतो, त्याचा परिणाम गोळी वाढवते. मूळ रसायन जेवढं असेल त्याच्या मर्यादेतच ती चालते. एरवी धडधाकट माणसाचा श्वास नेमक्या डोसच्या गोळीने सहसा थांबत नाही तो यामुळे. दारू किंवा अफूच्या जातीची वेदनाशामकं सोबत आली की मात्र ही मर्यादा मोडते. प्रोपोफॉलला ही मर्यादा नाहीच. डोस वाढला की गाबा असो वा नसो, ते दार स्वतःच उघडतं. तेच कुलूप, पण ताकद निराळ्या जातीची.

मग नळीतून गोळी का चालली नसती? गोळी म्हणजे पेटीत टाकलेलं पत्र आहे, एकदा पडलं की परत घेता येत नाही. बरं झालेल्या माणसाला ते चालतं, कारण रात्र एकसारखी असते. न्यूमोनियाच्या रुग्णाची तब्येत तासागणिक बदलते. आतडी मंदावलेली असतात, त्यामुळे गोळी कधी शोषली जाईल याचा भरवसा नसतो. आणि क्लोनाझेपाम अर्धी उतरायलाच साधारण दीड दिवस लागतो. सकाळी आठला रक्तदाब कोसळला तर आदल्या रात्रीच्या गोळीचं काहीच करता येत नाही. पंप मात्र त्या क्षणी ९ वरून ५ वर आणता येतो.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना क्वचितच सांगितली जाते. आयसीयूत झोपवण्याइतकंच जागं करणं महत्त्वाचं असतं. रोज सकाळी, रुग्ण स्थिर असेल तर, झोपेचं औषध कमी करतात किंवा थांबवतात, आणि डॉक्टर हाक मारतात, ‘काका, माझा हात दाबा. जीभ दाखवा.’ पक्षाघाताचा झटका झोपेत झाकला गेला नाही ना, मशीन काढल्यावर रुग्ण स्वतः श्वास घेईल का, हे त्याशिवाय कळत नाही. २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासानंतर ही पद्धत जगभर रुजली. ज्यांचं औषध रोज थांबवलं गेलं, ते व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले. झोपेची खोली मोजायला एक मोजपट्टी आहे, रॅस नावाची. शून्य म्हणजे शांत आणि जागा. उणे दोन म्हणजे हाक मारल्यावर क्षणभर डोळे उघडून पाहणारा. उणे पाच म्हणजे हलवलं तरी काहीच नाही. अधिक चार म्हणजे अंगावर धावून येणारा. आज बहुतेक रुग्णांना शून्य ते उणे दोनमध्ये ठेवायचा प्रयत्न असतो. ‘अहो, हे तर डोळे उघडतायत, झोपेचं औषध लागू पडत नाहीये!’ असं घाबरून सांगायला येणारे नातेवाईक मला दर आठवड्याला भेटतात. ते तसंच ठेवलेलं असतं. अपवाद आहेत: फुफ्फुसं फारच खराब होऊन रुग्णाला पालथं झोपवावं लागलं, स्नायू शिथिल करणारं औषध द्यावं लागलं, तर झोप खोलच हवी.

जाता जाता एक. प्रोपोफॉल वेदना कमी करत नाही. घशातली ट्यूब दुखते, टोचते, म्हणून सोबत फेंटानिलसारखं वेदनाशामक असायला हवं. ते कमी पडलं की रुग्ण तळमळतो आणि बाहेरून वाटतं, झोप कमी पडली.

आता दुसरा पंप. तुमच्या वर्णनावरून ते डेक्समेडेटोमिडीन असणार. आयसीयूत सगळे त्याला ‘डेक्स’ म्हणतात, मीही तेच म्हणते. अमेरिकेत त्याला १९९९ साली मान्यता मिळाली, तीही फक्त २४ तासांपर्यंतच्या वापरासाठी. याचं काम गाबाच्या कुलपावर नाहीच. मेंदूच्या तळाशी लोकस सेरुलियस नावाचा छोटासा पुंजका आहे, जो नॉरॲड्रेनालिन सोडून आपल्याला सावध ठेवतो. आपण झोपतो तेव्हा हा पुंजका आपोआप गप्प होतो. डेक्स त्यालाच गप्प करतं. त्यामुळे डेक्सवरच्या माणसाच्या मेंदूच्या लहरींमध्ये नैसर्गिक झोपेच्या दुसऱ्या टप्प्यासारख्या चमका दिसतात. हाक मारली की तो डोळे उघडतो, मान हलवतो, हात दाबतो आणि सोडलं की पुन्हा डुलकी घेतो. श्वास जवळजवळ जागच्या जागी राहतो. थोडी वेदनाही कमी होते. म्हणून ट्यूब काढायची वेळ जवळ आली की प्रोपोफॉल उतरवून डेक्सवर आणणं ही नेहमीची चाल आहे: डेक्स चालू असतानाच ट्यूब काढता येते, प्रोपोफॉलवर बहुधा ते थांबवून जागं व्हायची वाट पाहावी लागते.

डोसचं मापही किती वेगळं आहे बघा. डेक्स मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. २०० मायक्रोग्रॅम औषध सलाइनमध्ये मिसळून ५० मिलिलिटर केलं की एका मिलिलिटरमध्ये ४ मायक्रोग्रॅम येतात. किलोमागे ताशी ०.५ धरलं तर बाबांना ताशी ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे पंपावर ७.५. पूर्ण दिवसाचं औषध ७२० मायक्रोग्रॅम, एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. प्रोपोफॉलचं दिवसाचं २,१६० मिलिग्रॅम झालं होतं.

बाबांना ‘छान शांत’ वाटलं याचं मला नवल वाटत नाही, पण डेक्स निरुपद्रवी आहे असं समजू नका. ते हृदयाची गती कमी करतं. ९० ठोक्यांवरचं हृदय ५५ वर येणं नेहमीचं आहे, आणि कधी ते चाळिशीत घसरतं. मॉनिटरवर हे दिसतं, सिस्टर पंप कमी करते, गरज पडली तर औषध देऊन गती वाढवतात. सुरुवातीला मोठा डोस घाईने दिला तर रक्तदाब आधी उसळतो आणि मग पडतो, म्हणून आयसीयूत बरेच जण तो पहिला मोठा डोस टाळतात. तो टाळला की परिणाम दिसायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. त्यामुळे रुग्ण एकदम उसळून ट्यूब ओढायला लागला, तर त्या क्षणाचं औषध डेक्स नव्हे.

आणि ते प्रोपोफॉलपेक्षा ‘चांगलं’ आहे का? जरा मोजून बोलावं लागतं. क्लोनाझेपामच्या घराण्यातली मिडाझोलाम आणि लोराझेपाम ही इंजेक्शनं पूर्वी आयसीयूत सर्रास वापरली जात. त्यांच्याशी तुलना केली तेव्हा २००७ आणि २००९ च्या दोन चाचण्यांत डेक्स सरस ठरलं. विशेषतः २००९ च्या चाचणीत मिडाझोलामपेक्षा डेक्सवर संभ्रम कमी दिसला आणि ट्यूब लवकर निघाली. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं की प्रौढ रुग्णांत या घराण्यातल्या औषधांऐवजी प्रोपोफॉल किंवा डेक्स वापरा. पण डेक्स विरुद्ध प्रोपोफॉल असा सरळ सामना जंतुसंसर्गाच्या गंभीर रुग्णांत झाला, तेव्हा २०२१ च्या निकालात दोघं बरोबरीत सुटले. २०१९ मध्ये सुमारे ४,००० रुग्णांच्या स्पाइस-३ चाचणीत डेक्स आणि नेहमीची पद्धत यांत ९० दिवसांच्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. वय पाहून विभागणी केली तेव्हा मात्र तरुण रुग्णांत डेक्सवर मृत्यू अधिक दिसले, आणि २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी ६५ आणि त्याखालच्या वयासाठी इशाराही दिला. बाबा त्या वयाच्या पुढचे, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांची निवड मला समंजस वाटते. एखाद्या छोट्या रुग्णालयात मिडाझोलाम दिलं म्हणून तिथले डॉक्टर मागासलेले, असंही समजू नका. रक्तदाब फारच खाली असेल तर कधी तेच सोसतं, आणि ते स्वस्त आहे.

प्रोपोफॉलच्या बाबतीत आम्हाला ज्याची धास्ती असते ती गोष्ट दुर्मीळ आहे, पण सांगते. डोस ताशी किलोमागे ४ मिलिग्रॅमच्या वर गेला आणि दोन दिवसांपेक्षा जास्त तसाच राहिला, तर क्वचित एखाद्या रुग्णात पेशींचं इंधन जाळण्याचं यंत्रच बिघडतं. रक्त आम्लधर्मी होतं, स्नायू वितळायला लागतात, लघवी गडद होते, पोटॅशियम चढतं, हृदय मंदावून बंद पडू शकतं. दिवसेंदिवस प्रोपोफॉल चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातलं आम्ल दाखवणारं लॅक्टेट आणि स्नायूंची हानी दाखवणारं सीके तपासतात ते यासाठी. बाबांच्या वजनाला ही हद्द म्हणजे पंपावर ताशी २४ मिलिलिटर.

आता पाचव्या दिवसाकडे येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे ती गोळी सांगायची राहिली, ही. आयसीयूत म्हाताऱ्या माणसाच्या बिथरण्याला कारणं पुष्कळ असतात: संसर्ग, कमी ऑक्सिजन, तुंबलेली लघवी, वेदना, दिवसरात्र पेटलेले दिवे. पण इथे आणखी एक शक्यता ठळक आहे. वर्षानुवर्षं रोज क्लोनाझेपाम मिळालेला मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडून देतो, कारण बाहेरून ब्रेक मिळतोय हे त्याला ठाऊक असतं. गोळी एकदम थांबली की ब्रेक नसलेला मेंदू उरतो. क्लोनाझेपाम हळू उतरते, त्यामुळे हे पहिल्या दिवशी दिसत नाही. दाखल झाल्यावर चार दिवसांनी शरीरात जेमतेम सहावा हिस्सा उरलेला असतो. आणि या चारही दिवसांत प्रोपोफॉल त्याच गाबाच्या दारावर काम करत होतं, म्हणजे गोळीची उणीव नकळत भरून काढत होतं. चौथ्या दिवशी ते उतरवलं आणि डेक्स लावलं. डेक्सचा गाबाशी संबंधच नाही. पाचव्या दिवशी, दोन्ही आधार एकदम सुटलेले.

अशा वेळी हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, डोस मोठा असेल तर फिटही येऊ शकते. डेक्स फिट थांबवत नाही. उलट, गोळी अचानक थांबल्यावर वाढणारी हृदयाची गती आणि रक्तदाब डेक्स खाली दाबतं, त्यामुळे मॉनिटरवर सगळं बरं दिसतं आणि खरं कारण झाकलं जातं. अर्धा मिलिग्रॅम हा मोठा डोस नाही, म्हणून एवढ्यानेच सगळं घडलं असं मी म्हणणार नाही. पण बेडपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला ही माहिती असती, तर त्यांनी बहुधा तीच गोळी नाकातल्या नळीतून रोज चालू ठेवली असती. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुहेरी आहे. झोपवण्यासाठी ती गोळी उपयोगाची नव्हती. गोळी अचानक थांबल्याचा त्रास होऊ नये म्हणून मात्र तिचा उपयोग झाला असता. याच घराण्यातली अल्प्राझोलाम घेणाऱ्यांत हाच त्रास लवकर, पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतो, कारण ती भराभर उतरते.

यात स्वतःला बोल लावू नका. बीपी आणि शुगरच्या गोळ्या लोक ‘औषध’ मानतात, झोपेची गोळी दंतमंजनाच्या शेजारी ठेवलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काही घरांत ती लपवलेलीही असते. दारूचंही तसंच. विचारलं तर ‘कधीतरी’ असं उत्तर येतं, आणि तिसऱ्या दिवशी रुग्ण भिंतीवरचे किडे झटकायला लागतो.

सवयीच्या प्रश्नाला लांब उत्तराची गरज नाही. सहा दिवस पंपावर मिळालेल्या औषधाची ओढ घरी आल्यावर लागत नाही. डेक्स बरेच दिवस चालून एकदम बंद केलं तर दिवसभर हृदयाची गती आणि रक्तदाब उसळू शकतो, म्हणून ते उतरवत नेतात. ती घडी तुमच्या बाबतीत रुग्णालयातच मागे पडली. सवय लागलेली आहे ती आधीच्या गोळीची.

मग रात्री झोप का नाही? आयसीयूतून आलेल्या माणसाची झोप अनेक आठवडे विस्कटलेली राहते, वाईट स्वप्नं पडतात, कधी न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या आठवतात. पंपावरची ती ‘झोप’ खरी झोप नव्हती हेही एक कारण. झोपेत साधारण दीड तासाची आवर्तनं असतात, हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप. प्रोपोफॉल खोल दिलं की मेंदूच्या लहरी या आवर्तनांत फिरतच नाहीत, आणि डेक्सवरही स्वप्नांची झोप कमीच होते. घड्याळाप्रमाणे पाहता बाबा सहा दिवस झोपलेले होते. मेंदूच्या हिशेबात त्यातली थोडीच झोप जमा झाली.

तरीही ते औषध घरी का नको, हे आता कळलं असेल. दोन्ही औषधं तोंडाने घेतली तर यकृत त्यांतलं बरंचसं वाटेतच मोडून टाकतं, म्हणून शीर लागते. शीर आली की मॉनिटर आला, ऑक्सिजन आला, श्वास थांबला तर मास्क धरणारा प्रशिक्षित माणूस आला. हे नसताना काय होतं, ते मायकेल जॅक्सनच्या बाबतीत जगाने पाहिलं. २५ जून २००९ ला लॉस एंजेलिसच्या घरात त्याला झोप यावी म्हणून प्रोपोफॉल दिलं गेलं, सोबत क्लोनाझेपामच्याच घराण्यातली औषधं होती, आणि श्वासावर नीट लक्ष ठेवायची सोय नव्हती. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण प्रोपोफॉलची विषबाधा असं निघालं, आणि २०११ मध्ये त्याच्या डॉक्टरला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आलं. प्रोपोफॉल देणारा तिथे डॉक्टरच होता, हे लक्षात घ्या.

आता घरी काय करायचं. डिस्चार्ज कार्डावर क्लोनाझेपाम लिहिलेली आहे का ते आजच बघा. नसेल आणि बाबांनी घरी येऊन ती परत सुरू केली असेल, तर डॉक्टरांना कळवा. सुरू केली नसेल, तर आता एवढ्या दिवसांनी मनानेच सुरू करू नका, तेही विचारूनच. चालू असेल तर झोप येत नाही म्हणून दुसरी अर्धी गोळी वाढवू नका, आणि शेजाऱ्यांनी सांगितलेली झोल्पिडेम वर जोडू नका. ७१ व्या वर्षी, नुकत्याच बऱ्या झालेल्या फुफ्फुसांवर दोन झोपेच्या गोळ्या म्हणजे रात्री बाथरूमला जाताना खुबा मोडायची तयारी. तशीच ती एकदम बंदही करू नका, पाचव्या दिवशी काय झालं ते तुम्ही पाहिलंय. पुढे कधी कमी करायची ठरली तर डॉक्टर दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवतील, आणि त्याला काही महिने लागले तर लागू द्या. ती घाई सध्या नको, आधी अंगात ताकद येऊ दे. दिवसा त्यांना उन्हात बसवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, खोकला किंवा दम रात्री उठवतोय का ते बघा, आणि ते मोठ्याने घोरत मध्येच श्वास धरतात का, याकडे एक रात्र लक्ष द्या. घोरण्यात श्वास अडत असेल तर क्लोनाझेपाम तो आणखी अडवते, आणि मग गोळीऐवजी झोपेची तपासणी आधी लागेल.

दिवसाही बरळत असतील, ओळख विसरत असतील, पुन्हा ताप किंवा दम लागत असेल, तर फॉलो-अपच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. नाहीतर ठरलेल्या दिवशी जाताना गोळीची स्ट्रिप सोबत न्या, आणि ती किती वर्षांपासून, रात्री किती वाजता घेतात, हे कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. त्याच कागदाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.